हक्कसोडपत्राला वकिलाची फी: ठोक, हजेरीवर की टक्क्यानं?

दारव्हेकर: वडील वारले. त्यांनी स्वतः घेतलेलं चार एकर शेत आहे, बाजारभावानं ३६ लाखांचं. दोन्ही बहिणी बिनामोबदला हक्क सोडतायत, भांडण नाही. एक वकील किमतीच्या एक टक्का म्हणतात, म्हणजे ३६ हजार. दुसरे ठोक ८ हजार. तिसरे हजेरीला दीड हजार. कोणाकडे जाऊ?

कपाशीवाला: टक्का काहून? वकिलाले टक्केवारी घेणं बंदच आहे. बार कौन्सिलकडे तक्रार ठोका.

जुना_दस्तवाला: तक्रार टिकायची नाही, भाऊ. बंदी आहे ती दाव्याच्या निकालावर फी ठरवायला आणि दाव्यातून जे मिळेल त्यात वाटा मागायला. दस्त लिहिणं म्हणजे दावा नव्हे. पण टक्का द्यायचाच कशाला? चार एकराचा दस्त असो की चाळीस एकराचा, लिहायची मेहनत जवळपास तीच. वर स्वतःच्या हिश्श्यावरही टक्का जातो.

दुय्यम निबंधकांकडे सगळे हजर राहिले तर काम एका दिवसाचं, पण एक जण चुकला की हजेऱ्या वाढतात, म्हणून हजेरीचा भावही नको. ठोकच करा, पण ८ हजारांत काय काय येतं ते कागदावर घ्या. सातबाऱ्यावर अजून वडिलांचंच नाव असेल तर आधी वारस फेरफार करून घ्या, नाहीतर पुढची नोंद अडते. ते काम त्या ८ हजारांत आहे का? मुद्रांकाचे पैसे वेगळे का? चलान तुमच्या नावानं निघू द्या, म्हणजे सरकारात किती गेले ते दिसेल.

पांदणरस्ता: कायले एवढं? आमच्या बहिणीनं तलाठ्यापुढे स्टॅम्पवर लिहून दिलं, झालं.

जुना_दस्तवाला: नोंदणी नसलेल्या कागदानं शेतातला हक्क सुटत नाही. तुमचा फेरफार झाला का, ते एकदा पाहून घ्या.

वणीची_वकील: ठोकचं एवढं कौतुक नको. कमी पैशात घेतलेलं काम कोणी जुन्याच नमुन्यात नावं बदलून उरकतं. गट नंबर चुकला तर चूकदुरुस्तीपत्राला दोन्ही बहिणींना परत बोलवावं लागतं. मी तर मसुदा, नोंदणी आणि फेरफार यांचे वेगवेगळे पैसे सांगते.

जुना_दस्तवाला: ताई, फेरफाराचे कशाचे? नोंदलेल्या दस्ताची वर्दी कार्यालयातून आपोआप जाते. नोटिशीच्या १५ दिवसांत हरकत आली, तर सुनावणी लागते. तारखेचे पैसे तेव्हा घ्या ना!

वणीची_वकील: वर्दी जाते, पण नोंद अडकली की पक्षकार मलाच फोन करतो. त्या पाठपुराव्याचे पैसे मी घेणारच.

कपाशीवाला: दारव्हेकर, आई आहेत का?

दारव्हेकर: आहे. पण हक्क तर बहिणीच सोडतायत ना?

जुना_दस्तवाला: अहो, मग वारस तीन नाहीत, चार. बहिणींच्या दस्तानं आईचा चौथा हिस्सा तुमच्याकडे येत नाही. तोही घ्यायचा असेल तर आईंनाही सही करायला लागेल. त्यांना तो ठेवायचा आहे का, हे आधी विचारा.

दारव्हेकर: तिघाही वकिलांनी हे विचारलंच नाही.