‘सॅटर्न रिटर्न’ म्हणजे साडेसाती का? नसेल तर मराठीत काय म्हणायचं?

मुक्ता, राजारामपुरी

एका दिवाळी अंकासाठी इंग्रजी लेख मराठीत आणतेय. त्यात ‘सॅटर्न रिटर्न’ हा शब्द पानापानावर आहे. लेखिकेचं म्हणणं असं, की अठ्ठावीस-एकोणतिशीत हा योग येतो आणि त्या काळात माणूस आयुष्यातलं पहिलं गंभीर नातं एक तर पक्कं करतो, नाही तर मोडतो. पहिल्या खर्ड्यात मी बिनधास्त ‘साडेसाती’ लिहून मोकळी झाले. महाद्वार रोडवर आमच्या ओळखीचे एक ज्योतिषकाका बसतात, त्यांना दाखवलं तर हसले. म्हणाले, “पोरी, एकाच्या कर्जाचा हप्ता दुसऱ्याच्या खात्यावर टाकलास.” तेवढ्यात गिऱ्हाईक आलं आणि पुढचं राहिलं.

सध्या तीन शब्द हाताशी आहेत: शनिपरतावा, शनीचं पुनरागमन, शनीचा फेरा. एकही जिभेवर बसत नाही.

दिगंबर

उगाच डोकं खाजवताय. साडेसातीच आहे ती. शनीला सगळ्या राशी फिरायला तीस वर्षं लागतात आणि साडेसातीही तीस वर्षांनीच परत येते. एकच गोष्ट इंग्रजीत लिहिली की नवीन वाटते, एवढंच.

गंगावेसकर

दिगंबरराव, तुमचं म्हणणं पाव हिस्सा खरं आहे. पावच का, ते सांगतो.

साडेसाती मोजतात चंद्रापासून. जन्माच्या वेळी चंद्र ज्या राशीत होता तिच्या मागची रास, ती स्वतः आणि तिच्या पुढची रास, या तीन राशींतून शनी जातो तो काळ. प्रत्येक राशीत अडीच वर्षं, म्हणून साडेसात. ‘सॅटर्न रिटर्न’मध्ये चंद्राचा संबंधच नाही. जन्माच्या वेळी खुद्द शनी जिथे होता, त्याच अंशावर तो फिरून आला की झालं. साडेसाती जन्मल्याबरोबर लागू शकते किंवा विसाव्या वर्षीही. शनीचं हे परत येणं मात्र प्रत्येकाला साधारण एकाच वयात गाठतं.

आता पाव हिस्सा. ज्याचा जन्मच साडेसातीत झालाय, म्हणजे ज्याचा शनी चंद्राच्या मागच्या, त्याच किंवा पुढच्या राशीत आहे, त्याच्या बाबतीत दोन्ही गोष्टी एकदम येतात. बारांतल्या तीन राशी.

आमच्या नात्यातली दोन मुलं सांगतो, त्यांना विचारूनच लिहितोय. मामेभाऊ आणि आतेबहीण, जन्म नोव्हेंबर १९९६, तो सोळा तारखेचा, ती एकोणीस तारखेची. तीन दिवसांत शनी जवळजवळ हलत नाही, त्यामुळे दोघांचाही शनी मीनेत सात अंशांच्या आसपास. चंद्र मात्र पळतो, म्हणून त्याची रास मकर आणि तिची कुंभ. २९ मार्च २०२५ ला शनी मीनेत आला. त्या दिवशी त्याची मकरेची साडेसाती सुटली, घरच्यांनी नृसिंहवाडीला जाऊन अभिषेक केला. तिची कुंभेची शेवटची अडीच वर्षं तेव्हा नुकती सुरू झाली होती. आणि दोन-अडीच महिन्यांत, जूनमध्ये, शनी दोघांच्याही जन्मशनीवर आला. एकाची साडेसाती संपलेली, एकीची चालू, पण ‘रिटर्न’ दोघांचा एकाच वेळी. इथे ‘साडेसाती’ लिहिलंत तर मामेभावाची गोष्टच खोटी ठरते.

दिगंबर

बरं, मानलं. पण मग तिसाव्या वाढदिवसालाच येतो ना? जूनमध्ये तर ही मुलं अठ्ठावीस वर्षांची.

गंगावेसकर

शनीची फेरी साडेएकोणतीस वर्षांना थोडी कमी भरते. त्यातून तो दरवर्षी साडेचार महिने वक्री असतो. सांगली रस्त्यावर उसाच्या ट्रॉलीला एसटीनं ओलांडलं की ट्रॉली मागे गेल्यासारखी दिसते, तसंच. पृथ्वी शनीला ओलांडते आणि तो सहा-सात अंश मागे सरकल्यासारखा दिसतो. म्हणून पुष्कळांच्या पत्रिकेत तो त्याच अंशावर एकदा नाही, तीनदा येतो. या दोघांच्या बाबतीत पहिल्यांदा जून २०२५ मध्ये, मग वक्री होऊन ऑगस्टमध्ये आणि मार्गी झाल्यावर फेब्रुवारी २०२६ च्या शेवटी. वयाच्या अठ्ठावीस वर्षं सात महिन्यांपासून सव्वा एकोणतिसापर्यंत.

मुक्ताताई, अनुवादात एक खड्डा आहे तो बघा. पाश्चात्य ज्योतिषी सायन राशी मोजतात, आपण निरयन. दोन्हींत सध्या चोवीस अंशांचा फरक आहे. तुमच्या लेखात ‘शनी मेषेत’ असेल तर आपल्या पंचांगात तो बहुधा मीनेत सापडेल. वाचक पत्रिका काढून बघणार आणि तुम्हाला शिव्या घालणार. परत येण्याची तारीख मात्र फारशी बदलत नाही, कारण जाताना-येताना मोजपट्टी तीच. आठवडा-दोन आठवड्यांचा फरक पडतो.

वैशाली, कसबा बावडा

माझ्या मुलीला अठ्ठाविसावं सरतंय, स्थळं येतात आणि बोलणी अडतात. शनिवारी मारुतीला तेल चालूच आहे. हा जो परतावा म्हणताय त्याला वेगळं काही करायचं असतं का?

गंगावेसकर

वैशालीताई, इथे शब्दाचा कीस चाललाय. आणि खरं सांगायचं तर या योगाला आपल्या परंपरेत वेगळा उपाय नाही, कारण वेगळं नावच नाही. आपलं गोचर मुख्यतः चंद्रराशीवरून बघतात. शनी स्वतःच्या जागी आला हे बघतात जरूर, पण त्याचा असा डंका कुणी वाजवला नव्हता. हा विसाव्या शतकात पाश्चात्यांनी लोकप्रिय केलेला विचार. मुलगी नको म्हणत असेल तर का म्हणते ते तिलाच विचारा, तेल नंतर.

मुक्ता, राजारामपुरी

पण नातं जुळणं किंवा तुटणं, हेच का? शनी म्हटलं की नोकरी, आजारपण, कोर्टकचेऱ्या हे डोळ्यांपुढे येतं. लग्नाचा कारक तर शुक्र ना?

गंगावेसकर

बरोबर, लग्नाची हौस शुक्राची. पण लग्न टिकवायला जे लागतं, म्हणजे मुदत, जबाबदारी, दिलेला शब्द, ते शनीच्या खात्यात टाकतात. लोक शनीला लग्नाचा वैरी समजतात, पण तो उच्चीचा होतो तुळेत. तूळ ही राशीचक्रातली सातवी रास, आणि शनीला दिग्बल मिळतं तेही सप्तम स्थानी, म्हणजे जोडीदाराच्याच घरात.

पुढचा तर्क असा. पहिल्या फेरीत माणूस दुसऱ्यांनी घालून दिलेल्या घडीत जगतो, आईबापांच्या आणि शाळा-कॉलेजच्या. सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या वर्षाच्या आसपास शनी मूळ जागेपासून पाव-पाव चक्र पुढे जातो. एकविशी-बाविशीत जे नातं धरलं, त्याची तपासणी फेरी पूर्ण झाल्यावर होते. नातं स्वतःहून धरलं असेल तर त्यावर शिक्का बसतो, सवयीनं चाललं असेल तर गळून पडतं. ज्योतिषी दोन उलट फळं सांगतो असं वाटतं, पण त्याच्या लेखी कसोटी एकच आहे.

मामेभावाचं कॉलेजपासूनचं जमलेलं होतं. जूनमध्ये सुपारी फोडायचं ठरलं, ऑगस्टमध्ये ‘जरा थांबू’ झालं, फेब्रुवारीत दोघांनी समजुतीनं सोडलं. आतेबहिणीनं त्याच महिन्यात पाच वर्षांच्या मित्राशी नोंदणी लग्न केलं. शनी तोच, अंश तोच.

सुधीर मास्तर

थांबा. तीच गोष्ट उलटी वाचून बघा. शनी तोच, अंश तोच, आणि निकाल एकमेकांच्या विरुद्ध. मग शनीनं सांगितलं काय? मी एकतीस वर्षं गणित शिकवलं. वर्गातली सगळी पोरं एका वर्षाच्या आतबाहेरची असतात, म्हणजे अख्ख्या वर्गाचा हा योग एका वर्षाच्या आतबाहेर येणार. त्या वयात शहरातल्या पोरांची लग्नं ठरतात आणि मोडतातही, कारण शिक्षण संपून नोकरी लागलेली असते. माझ्या आईचं लग्न सोळाव्या वर्षी झालं. तिच्या एकोणतिशीत तिला चार मुलं होती आणि सोडायला किंवा धरायला काही शिल्लकच नव्हतं. तिचा शनी काय बिनकामाचा परत आला?

गंगावेसकर

मास्तर, या प्रश्नावर ज्योतिषी म्हणतात, की त्या वर्षी सासूनं चूल वेगळी केली असेल, तेच फळ. असं म्हटलं की कुठलीही घटना बसते, आणि तिथे माझंही तोंड बंद होतं. नुसत्या या योगावरून लग्न सांगणारा ज्योतिषी मी चांगला मानत नाही. जोडीदाराच्या घराचा स्वामी, म्हणजे सप्तमेश, आणि दशा बघावी लागते. ती बघूनही मामेभावाचं मोडेल असं मी आधी सांगितलं नव्हतं, हे कबूल करतो.

रेहाना

शब्दाकडे येऊ या का? ‘परतावा’ म्हटलं की माझ्यासारख्या हिशेबाच्या बाईला आयकर आठवतो. काहीतरी जादा भरलं होतं ते परत मिळालं, असा सूर लागतो. ‘पुनरागमन’ म्हटलं की गणपती आठवतात. ‘फेरा’ तर आधीच बदनाम आहे, शनीच्या फेऱ्यात सापडणं म्हणजे अडचणीत येणं. ‘तो माझ्या राशीला लागलाय’ म्हणतो तसंच.

विषय निघालाच आहे तर, तुटण्यासाठी लेखात ‘घटस्फोट’ सरसकट लिहू नका. लग्न न झालेल्यांचा कसला घटस्फोट? ‘फारकत’ बघा. मूळ शब्द फारखत, म्हणजे देणं फिटलं, आता माझा तुझ्यावर दावा नाही, असा लेखी कागद. नात्याच्या तुटण्याला तो नंतर चिकटला. शनीला हिशेबनीस मानायचं तर याच्याइतका चपखल शब्द नाही.

शिरोळचा बापू

आमच्याकडं कालव्याला पाणी सोडतात त्याला आवर्तन म्हणतात. पाळी आली की आली, तुमचा ऊस वाळलेला असो नाहीतर हिरवा. पाणी कुणाचं लाड करत न्हाई. शनीचं पहिलं आवर्तन म्हणा की. दुसरं अठ्ठावन्न-एकोणसाठीत, तवा माणूस निवृत्तीला येतो. माझं चालू हाय. बायकोशी फारकत न्हाई झाली, पण भावाशी जमिनीची वाटणी झाली गेल्या महिन्यात.

दिगंबर

आवर्तन चांगलंय, पण ताजिकात, म्हणजे वर्षफळाच्या पद्धतीत, सूर्य मूळ अंशावर आला की ‘वर्षप्रवेश’ म्हणतात. त्याच चालीवर ‘शनिप्रवेश’ का नको?

गंगावेसकर

या खेपेला तुम्ही अर्ध्याच्या वर बरोबर आहात. सूर्याच्या परत येण्याला आपल्याकडे नाव आहे हे महत्त्वाचं. पण ‘शनिप्रवेश’ म्हटलं की लोक राशिप्रवेश समजतील. २९ मार्चला झाला तो प्रवेश, जूनमध्ये झालं ते आवर्तन.

मुक्ता, राजारामपुरी

पहिल्या उल्लेखात ‘शनीचं पहिलं आवर्तन’ लिहून एका वाक्यात अर्थ देते, पुढे नुसतं ‘आवर्तन’. मेष-मीनेसाठी तळटीप टाकते. ‘फारकत’ संपादकांना जुनाट वाटली, त्यांना ‘ब्रेकअप’ हवाय. त्यावर अजून भांडण चालू आहे.

रेहाना

ब्रेकअपमध्ये हिशेब मिटत नाही हे त्यांना सांगा.