मुरगावच्या यार्डात खासगी ५जी : गरज की हौस?

यार्डवाला_वास्को
मुरगाव बंदराजवळ आमचं उघडं यार्ड आहे, साधारण ५०० बाय ३०० मीटर. कंटेनरच्या थप्प्या आणि थोडे स्टीलचे कॉइल. फोर्कलिफ्टवर टॅब्लेट बसवलेत. मालकांना आता एक क्रेन केबिनमधून न चालवता ऑफिसात बसून चालवायची आहे. खांबांवर वायफायचे २२ पॉइंट आहेत, तरी टॅब्लेट मधेच लटकतात आणि कधी कधी यार्डाचा एखादा कोपरा मिनिटभर पूर्ण गप्प होतो. कन्सल्टंट म्हणतो खासगी ५जी घ्या. वायफायपेक्षा त्यात असं काय आहे? की नुसता पैसे काढायचा धंदा?

कुंकळ्ळीकर
धंदाच. वायफाय ६ चा वेग तुमच्या टॅब्लेटला जन्मभर पुरेल. ५जीवाले १ मिलिसेकंदाची जाहिरात करतात, पण ती फक्त जाहिरातीतच असते. शिवाय आपल्याकडचा पाऊस बघा. जून ते सप्टेंबर ५जीचा सिग्नल पावसात वितळेल आणि तुमची क्रेन अधांतरी लटकेल. त्यापेक्षा २२ चे ४० पॉइंट करा, खर्च निम्म्यात भागेल.

सडेकर
सड्यावर आमच्या घरात मोबाइलला धड रेंज नाही. गच्चीवर जाऊन फोन लावावा लागतो. आणि यांना क्रेन ५जीवर चालवायची आहे! आधी टॉवर लावा म्हणावं.

मडगावची_रेडिओवाली
सडेकर, तुमची तक्रार खरी आहे, पण तो कंपनीचा सार्वजनिक टॉवर झाला. इथे यार्डाच्या आतच दोन-तीन मास्ट उभे राहतात, नेटवर्क चालवणारा सर्व्हरही यार्डाच्याच खोलीत असतो आणि सिम फक्त यार्डाच्या यंत्रांना मिळतात. सड्याच्या रेंजशी त्याचा संबंध नाही.

कुंकळ्ळीकरबाब, १ मिलिसेकंदाबद्दल तुमचं बरोबर. ५जीच्या ३.५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात निरोपाला जाऊन-येऊन १० ते २० मिलिसेकंद लागतात आणि रिकाम्या वायफायला ३-४ सुद्धा पुरतात. पावसाचं मात्र तुम्ही २६ गिगाहर्ट्झचं ऐकलेलं दिसतं. ३.५ वर तीनशे मीटरमध्ये आपला आषाढही जाणवत नाही. पावसात खरं नुकसान होतं ते खाऱ्या हवेने गंजलेल्या कनेक्टरमध्ये पाणी शिरून, आणि ते दोघांनाही सारखंच.

पण ४० पॉइंट करू नका. उघड्या जागेत भिंती नसतात, त्यामुळे एकाच चॅनेलवरचे पॉइंट एकमेकांना लांबून ऐकतात, आणि वायफायचा नियम असा की दुसरा बोलत असेल तर आपण थांबायचं. पॉइंट वाढवले की थांबणंच वाढतं. त्यात तुमच्या गेटवर रांगेत उभ्या ट्रकवाल्यांच्या मोबाइलचे हॉटस्पॉटही त्याच पट्ट्यात बोलत असतात. त्यांना तुम्ही गप्प करू शकत नाही, कारण तो पट्टा सगळ्यांना मोकळा आहे.

दुसरं, फोर्कलिफ्ट १५ किलोमीटर वेगाने जात असेल तर सेकंदाला सुमारे ४ मीटर जाते. पॉइंट ४० मीटरवर धरले तर दर दहा सेकंदांनी तिने पुढचा पॉइंट धरायला हवा. वायफायमध्ये हा निर्णय टॅब्लेट घेतो, आणि बरेच टॅब्लेट जुन्या पॉइंटला चिकटून बसतात. सिग्नल उणे ८० डीबीएम इतका क्षीण झाला तरी सोडत नाहीत. मग त्याच्याशी ६ एमबीपीएसने बोलावं लागतं. १५०० बाइटचं एक पॅकेट तेव्हा २ मिलिसेकंद हवा अडवून बसतं. तेच १५० एमबीपीएसला एका मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्शात जातं. एक टॅब्लेट रेंगाळला की त्या चॅनेलवरचे बाकी सगळे ताटकळतात. ५जीमध्ये यंत्र फक्त मोजमाप कळवतं, पुढच्या मास्टकडे कधी जायचं हे नेटवर्क ठरवतं आणि तिथली जागा आधीच तयार ठेवतं. बोलायची पाळीही मास्टवरचं बेस स्टेशनच वाटून देतं. त्यामुळे सरासरी उशीर वायफायपेक्षा जास्त असला, तरी गर्दीच्या वेळीही तो त्याच घरात राहतो. गर्दीत वायफाय ४ मिलिसेकंदांवरून ३०० वर उडी मारतं. क्रेन थांबते ती त्या उडीमुळे.

वेर्णा_मेंटेनन्स
मी थोडं विरुद्ध बोलतो. वेर्ण्याला आमच्या फॅक्टरीत बॅटरीवर चालणाऱ्या ट्रॉल्या आहेत. पॅकिंगच्या दारात आल्या की थांबायच्या, वर लाल दिवा, आणि माणसाने जाऊन रीसेट मारायचा. आम्हालाही एका विक्रेत्याने ५जीच दाखवलं होतं. ट्रॉलीच्या सुरक्षा कंट्रोलरला ठरलेल्या वेळेत खुशालीचा निरोप मिळाला नाही तर तो ब्रेक लावतो. आमच्याकडे ती मर्यादा २०० मिलिसेकंद होती. आणि दारात पॉइंट बदलताना पासवर्डऐवजी सर्व्हरवरून पूर्ण ओळख पटवली जायची, त्यालाच अर्धा सेकंद लागायचा. पॉइंट बदलताना ही ओळख झटपट उरकणारं 802.11r चालू केलं, पॉइंटची ताकद कमी केली आणि दाराच्या दोन्ही बाजूंना दिसेल असा एक अँटेना लावला. ट्रॉल्या चालू झाल्या. सगळा खर्च एका अँटेनाचा. त्यामुळे आधी वायफाय नीट करून बघा, मग ५जीचं बोला.

कुंकळ्ळीकर
बघा, मी काय म्हणत होतो!

मडगावची_रेडिओवाली
वेर्ण्याच्या गोष्टीशी मी पूर्ण सहमत. छप्पर आहे, मार्ग ठरलेला आहे, ट्रॉल्या मोजक्या आहेत, तिथे वायफायच. पण यार्डात कंटेनरची थप्पी सकाळी एका जागी आणि संध्याकाळी दुसऱ्या जागी असते. आज नीट बसवलेला अँटेना उद्या पत्र्याच्या भिंतीमागे जातो. उंच मास्टवरून वरून बघणं हाच त्यावर उपाय, आणि वायफायच्या पॉइंटला ताकदीची कायदेशीर मर्यादा असल्याने त्याला तेवढ्या उंचीवरून एवढा पल्ला गाठता येत नाही.

यार्डवाले, मला दोन गोष्टी सांगा. क्रेन रुळांवरची की रबरी टायरची? आणि तो कोपरा गप्प होतो तो बरोबर मिनिटभर का?

यार्डवाला_वास्को
रबरी टायरची, डिझेलवर. हो, मिनिटभरच. आमच्या लोकांचं म्हणणं, मोठं जहाज लागलं की असं होतं.

मडगावची_रेडिओवाली
रुळांवरची असती तर मी म्हटलं असतं, वीज नेणाऱ्या केबलच्या रीळमध्येच फायबर घाला आणि रेडिओचं नावच काढू नका. डिझेलवरच्या टायरच्या क्रेनला तो मार्ग नाही.

मिनिटाचं गणित वेगळं आहे. वायफायच्या ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यातले ५२ ते १४४ हे चॅनेल रडारसोबत वाटून घेतलेले आहेत. पॉइंटला रडारसारखी नाडी ऐकू आली की त्याला ते चॅनेल ताबडतोब सोडावं लागतं, पुढचे ३० मिनिटं तिकडे फिरकता येत नाही, आणि नवं चॅनेल त्याच गटातलं असेल तर आधी ६० सेकंद नुसतं ऐकत बसावं लागतं. जहाजांचे रडार खरं तर ३ आणि ९ गिगाहर्ट्झवर चालतात, म्हणजे थेट त्यांचा दोष नसावा. पण जवळच्या जोरदार रडारमुळे पॉइंटला भास होतो हेही खरं. कंट्रोलरच्या लॉगमध्ये radar detected अशी ओळ शोधा. सापडली तर ते चॅनेल काढून ३६ ते ४८ आणि १४९ पासून पुढचे ठेवा. चॅनेल कमी मिळतील, म्हणजे गर्दी वाढेल, पण मिनिटाची खंड पडणार नाही.

टॅब्लेट का लटकतात ते शोधायला फोर्कलिफ्टवर एक लिनक्स लॅपटॉप ठेवून पूर्ण शिफ्ट हे चालू ठेवा. पत्ता तुमच्या गेटवेचा टाका.

```
ping -D -i 0.2 192.168.10.1
```

ओळीच्या सुरुवातीला येणारी वेळ सेकंदांत असते. खंड नेहमी त्याच जागेवर पडत असेल तर आडोसा किंवा पॉइंट बदलणं, ठरावीक वेळेला सगळीकडे पडत असेल तर गर्दी. पहिल्याला अँटेना हलवून बघता येतं, दुसऱ्याला उघड्या यार्डात वायफायकडे फारसं उत्तर नाही.

कुंकळ्ळीकर
मान्य. पण पट्टा कुणाचा? मोबाइल कंपनीचाच ना? म्हणजे आपल्या यार्डातली क्रेन त्यांच्या मर्जीवर. आणि तो खोलीतला सर्व्हर बसला तर सगळं यार्ड एका झटक्यात बंद. वायफायचा एक पॉइंट गेला तर एक कोपरा जातो.

नियम_वाचणारा
पट्ट्याबद्दल : दूरसंचार विभागाने २०२२ च्या जूनमध्ये अशा खासगी नेटवर्कचे नियम काढले. नेटवर्क हवं असलेल्या कंपनीने स्वतंत्र परवाना घेऊन मोबाइल कंपनीकडून पट्टा भाड्याने घ्यायचा, किंवा मोबाइल कंपनीनेच नेटवर्क उभारून द्यायचं. थेट सरकारकडून पट्टा घ्यायचा मार्गही कागदावर आहे, पण मोबाइल कंपन्यांचा त्याला विरोध होता आणि तो प्रश्न लोंबकळत राहिला. जर्मनीत ३.७ ते ३.८ गिगाहर्ट्झचा पट्टा कारखान्यांना सरळ अर्जावर मिळतो. आपल्याकडे चाकणला महिंद्राच्या कारखान्यात एअरटेलने खासगी ५जी लावल्याचं २०२२ मध्येच जाहीर झालं होतं, म्हणजे कंपनीमार्फतचा मार्ग नवा नाही.

मडगावची_रेडिओवाली
सर्व्हरबद्दल कुंकळ्ळीकर बरोबर आहेत. दुसरा सर्व्हर तयार ठेवणं आलंच, आणि तो कन्सल्टंटच्या पहिल्या कोटेशनमध्ये बहुतेकदा नसतो. विचारून घ्या.

भाड्याच्या पट्ट्यात मला आणखी एक अडचण दिसते, ती क्रेनच्या कॅमेऱ्यांची. दुरून चालवायला निदान ६ कॅमेरे लागतील, प्रत्येकी ६ एमबीपीएस धरले तर ३६ एमबीपीएस, आणि सगळं वर, म्हणजे क्रेनकडून मास्टकडे जाणारं. एकाच पट्ट्यात वर आणि खाली आळीपाळीने पाठवायचं मोबाइल कंपन्यांचं वेळापत्रक लोकांच्या डाउनलोडसाठी बनवलेलं असतं : पाचातला जेमतेम एक वाटा वर जाण्यासाठी. तुम्हाला ४० मेगाहर्ट्झ मिळाले तर एका मास्टवरून वर जायला ४०-४५ एमबीपीएस हाती लागतील, थप्पीच्या आडोशाला त्याहून कमी. एक क्रेन कशीबशी बसते, दुसरी नाही. यार्डातलं वेळापत्रक उलटं करावं म्हटलं, तर वास्को गावातल्या त्याच कंपनीच्या टॉवरशी ते जुळवून ठेवावं लागतं, नाहीतर दोघं एकमेकांवर ओरडतात. म्हणून सही करण्याआधी ‘१०० मेगाहर्ट्झ देणार का, आणि यार्डाच्या टोकाला वर जाणारा वेग लेखी किती’ हे दोनच प्रश्न विचारा. डाउनलोडचा आकडा दाखवतील, तो बघू नका.

वेर्णा_मेंटेनन्स
आणि आपत्कालीन स्टॉप? तो ५जीवर सोडणार का?

मडगावची_रेडिओवाली
निरोप तुटला की क्रेन स्वतःच थांबली पाहिजे, ते कंट्रोलर क्रेनवरच असतं. पण भार हवेत असताना थांबणं सुरक्षित आहे का, हे क्रेनवाल्यांनी सांगायचं. माझा तो प्रांत नाही.

यार्डवाला_वास्को
लॉग बघितला. radar detected च्या ओळी आहेत, सगळ्या धक्क्याकडच्या चार पॉइंटवर. चॅनेल आज बदलतो, आणि रात्रीच्या शिफ्टला लॅपटॉप फोर्कलिफ्टवर ठेवतो. टॅब्लेट वायफायवरच ठेवून फक्त क्रेनसाठी एकच मास्ट घेतला तर चालेल का, हे कन्सल्टंटला विचारलंय. तो म्हणतो एवढ्यासाठी कंपनी येणार नाही.

कुंकळ्ळीकर
येणार नाही कशाला, दर वाढवून येईल.