चक्कर, भोवळ की मूर्च्छा?

भाषांतरवाली
हृदयरोग विभागासाठी एक प्रश्नावली मराठीत करते आहे. डॉक्टरांना भेटण्याआधी रुग्णाने ती भरायची आहे. मुळात शब्द आहे सिंकोपी. म्हणजे एकाएकी शुद्ध जाणं, कोसळणं आणि थोड्याच वेळात कुणी काही न करता पुन्हा शुद्धीवर येणं. मी लिहिलं, ‘व्यायामाच्या वेळी कधी चक्कर आली का?’ तपासणाऱ्यांनी चक्कर खोडून मूर्च्छा केलं. आई म्हणते, मूर्च्छा नाटकातल्या राणीला येते, आपल्याला भोवळ येते. तुम्ही कोणता शब्द ठेवाल?

भोवरा
भोवळ. भोवणे म्हणजे गरगर फिरणे, त्यातूनच भोवरा आणि त्यातूनच भोवळ, असं मला वाटतं. पण लिहिता लिहिताच शंका आली. फिरण्यात शुद्ध जाणं कुठे येतं? आपण ‘भोवळ येऊन पडली’ म्हणतो, म्हणजे पडणं निराळं सांगावंच लागतं.

तत्सम
म्हणूनच मूर्च्छा. संस्कृतात त्या धातूला घट्ट होणे, गोठणे असाही अर्थ आहे. ज्याची शुद्ध गेली त्याचं वर्णन याहून नेमकं होणार नाही. लोकांना शब्द कळत नसेल तर शिकवावा. प्रत्येक वेळी भाषेनेच का खाली उतरायचं?

कूसबदल
मला हा त्रास दोन वर्षं आहे. अंथरुणात कूस बदलली की खोली फिरते, मिनिटभरात थांबते. ईसीजी काढला, काही निघालं नाही. शेवटी कानाचा दोष सापडला. मी याला चक्करच म्हणते, मग तुमच्या प्रश्नाला ‘हो’ लिहायचं का?

रात्रपाळी
ताई, तुमची शुद्ध गेली नव्हती, त्यामुळे ‘नाही’. पण अडचण तुम्ही बरोबर दाखवलीत. मी अतिदक्षता विभागात काम करतो. ‘चक्कर आली’ ऐकलं की मला तीन गोष्टी वेगळ्या करायच्या असतात: खोली फिरली, डोळ्यांपुढे अंधारी आली पण शुद्ध टिकली, की मधला काळ आठवतच नाही?

भाषांतरवाली, माझा आक्षेप मात्र ‘चक्कर’वर नाही, ‘व्यायामाच्या वेळी’ यावर आहे. धावताना पडला आणि धावून थांबल्यावर पडला, ही दोन्ही उत्तरं त्यात बुडतात. धावताना पोटऱ्यांचे स्नायू पायातलं रक्त वर ढकलत असतात. माणूस एकदम थांबून उभा राहिला की ते ढकलणं बंद होतं, रक्त पायात साचतं आणि मेंदूला कमी पडतं. असं पडणं बहुतेकदा निरुपद्रवी असतं. ऐन धावेत कोसळणं मात्र हृदयाचं आहे असं धरूनच तपासायचं. मराठीत हा फरक ‘-ताना’ आणि ‘-ल्यावर’ इतका सोपा आहे, तो ‘वेळी’ने का घालवायचा?

सुईभीती
रक्त काढताना मी दोनदा पडलो आहे. आधी मळमळ, घाम, कानात गुणगुण, मग सगळं लांब गेल्यासारखं. बायको म्हणते हात झटकत होते, म्हणजे फिटच. मी अजून तपासणी केलेली नाही.

आकडी
हातपाय झटकले म्हणजे फिटच की. आमच्याकडे त्याला आकडी म्हणतात. शब्द आयता आहे.

रात्रपाळी
अर्धं बरोबर आहे. आकडीत हातपाय झटकतात, पण मेंदूचं रक्त काही सेकंद तुटलं तरीही झटकतात. म्हणून मी बघणाऱ्याला विचारतो, किती वेळ झटकले आणि उठल्यावर माणूस कसा होता? साध्या शुद्ध जाण्यात झटके थोडे आणि विस्कळीत असतात, आणि उठल्यावर तो लगेच ‘मी कुठे आहे’ हे ओळखतो. आकडीनंतर बराच वेळ गोंधळलेला असतो, जिभेची कड चावलेली असू शकते.

सुईभीती, सुई, मळमळ, घाम आणि मग अंधारी, हा क्रम प्रतिक्षिप्त शुद्ध जाण्याचा आहे. नाडी मंदावते, रक्तवाहिन्या सैल होतात, दाब कोसळतो. तरी एकदा ईसीजी काढून घ्या. पहिल्यांदा शुद्ध गेलेल्या प्रत्येकाचा काढतात.

आता ‘चक्कर’ या शब्दाने काय केलं ते सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. सतरा वर्षांचा मुलगा. चिठ्ठीवर लिहिलेलं, ‘खेळताना चक्कर, जेवला नव्हता.’ मी विचारलं, पडण्याआधी काय वाटलं? म्हणाला, काहीच नाही, धावत होतो आणि मग जमिनीवर होतो. कपाळ आणि ओठ फुटलेले, तळहात मात्र कोरे. म्हणजे हात पुढे करण्याइतकाही अवकाश मिळाला नव्हता. दीड-दोन मिनिटांत पूर्ण भानावर. घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं का, याला आईने ‘नाही’ म्हटलं. नंतर आठवून म्हणाली, माझा भाऊ बुडाला, पण तो तर पट्टीचा पोहणारा होता.

ईसीजीत नाडी ७५ आणि क्यूटी अंतर, म्हणजे प्रत्येक ठोक्यात हृदयाचे खालचे कप्पे विजेने चेतून पुन्हा पूर्ववत व्हायला लागणारा वेळ, ४६० मिलिसेकंद. नाडी जलद असली की हे अंतर आपोआप आखडतं, म्हणून ते नाडीप्रमाणे दुरुस्त करून वाचायचं. दोन ठोक्यांमध्ये ०.८ सेकंद, त्याचं वर्गमूळ सुमारे ०.८९. भागाकार ५१४ च्या आसपास येतो. पाचशेच्या वर म्हणजे धोका मोठा. यंत्राने छापलेला आकडा त्याहून कमी होता, म्हणून पट्टीने मोजलं. जन्मजात लाँग क्यूटी, म्हणजे हे अंतर जन्मतःच लांबलेलं असण्याचा विकार. याच्या एका प्रकारात धावणं आणि पोहणं हेच ठिणगीचं काम करतात. त्याला बीटा-ब्लॉकर, म्हणजे हृदयावरचा अ‍ॅड्रेनलिनचा जोर कमी करणारं औषध, सुरू झालं, धाकट्या बहिणीचाही ईसीजी काढला, तिचंही अंतर लांबलेलं निघालं. चिठ्ठीतल्या ‘जेवला नव्हता’वर विसंबलो असतो तर ग्लुकोज पाजून घरी पाठवलं असतं.

भोवरा
म्हणजे ईसीजी चांगला आला की सुटलो?

रात्रपाळी
नाही. मेहनतीने चेतणारा एक ताल-विकार असा आहे की विश्रांतीतला ईसीजी अगदी नॉर्मल येतो, ट्रेडमिलवर चालवल्यावरच तो दिसतो. अरुंद झालेली झडप ईसीजीत हमखास दिसेलच असं नाही, तिला सोनोग्राफी लागते. धावताना पडल्याची हकीकत पक्की असेल तर चांगला ईसीजी हातात घेऊन मी कुणाला मैदानावर परत सोडत नाही.

तत्सम
‘प्रतिक्षिप्त शुद्ध जाणे’ म्हणालात ते ऐकवत नाही. प्रतिक्षिप्त मूर्च्छा म्हणा, सुटसुटीत आहे.

रात्रपाळी
आपसात लिहायला मान्य. पण पलंगाजवळ ‘मूर्च्छा आली होती का’ विचारलं की आजोबा ‘छे’ म्हणतात आणि नातू मागून सांगतो, ‘मघाशीच पडले ना!’

तत्सम
मग दोष आजोबांच्या कानावर संस्कार न झाल्याचा आहे, शब्दाचा नाही.

भाषांतरवाली
मी संज्ञाच काढून टाकते आहे. ‘आतापर्यंत कधी शुद्ध हरपून पडलात का? तेव्हा धावत, पोहत किंवा चढत होता की थांबल्यावर पडलात? आधी काही जाणवलं का?’ शीर्षकाला मात्र एकच शब्द हवा आहे, तिथे अजून अडले आहे.

सुईभीती
‘शुद्ध हरपून’ चालेल, पण मला विचारलं असतं तर मी ‘नाही’ म्हटलं असतं. मला वाटतं मला आवाज येत होते. बायको म्हणते तू उत्तरच देत नव्हतास.

रात्रपाळी
म्हणून पुढची ओळ अशी ठेवा: ‘पडताना कुणी पाहिलं असेल तर त्यांना सोबत आणा.’

आकडी
आमच्या आजीचा शब्द ‘झीट’. झीट येऊन पडली. छोटा आहे, शीर्षकात बसेल.

भोवरा
आमच्याकडे झीट म्हणजे नुसती गरगर, शुद्ध जात नाही.

आकडी
आमच्याकडे जाते.