मदत हवी आहे: थिसिसमध्ये एन ९ लिहू की ३?

नीरजा७
सोमवारी थिसिसचा मसुदा गाईडना द्यायचाय आणि मी तीन दिवस एकाच आकृतीवर अडकलेय. क्यूपीसीआर आहे. औषधाने जीनचं एक्स्प्रेशन साधारण दीडपट वाढतं. दोन्ही गटांत ९-९ रीडिंग आहेत, पी ०.००१ च्याही खाली. काल सिनियरने विचारलं, "हे नऊ खरे नऊ आहेत का?" गाईड म्हणतात लॅबमध्ये असंच लिहीत आलोय. एन = ९ चालेल ना? कृपया लवकर सांगा.

शेवटचीगाडी
नऊ कशाचे? उंदीर, डिश, की प्लेटमधल्या वेल?

नीरजा७
३ उंदीर, प्रत्येकी ३ वेल. नेहमीचं ट्रिप्लिकेट.

सागरतळ
चालेल की. प्रत्येक वेल वेगळी भरली ना, मग प्रत्येक मोजमाप स्वतंत्र. आम्ही सेल लाईनवर असंच लिहितो, कुणी हरकत घेतलेली नाही.

दूरदेशी
सागरतळ, डिशमधल्या प्रत्येक वेलला औषध वेगवेगळं दिलं असेल तर तुमच्या म्हणण्यावर वाद तरी घालता येईल. इथे गोष्ट क्यूपीसीआर प्लेटची आहे. नीरजा, तिन्ही वेलमध्ये एकच सीडीएनए होता का?

नीरजा७
हो, एकाच नळीतून.

दूरदेशी
मग ते तांत्रिक रिप्लिकेट. पिपेट आणि मशीन किती नेमकं चाललं एवढंच त्यातून कळतं. एकाच पेशंटचं बीपी तीनदा घेतलं म्हणून तीन पेशंट होत नाहीत. प्रत्येक उंदराच्या तीन वेलची सरासरी घ्या आणि टेस्ट डेल्टा सीटीवर करा, फोल्डवर नको. तीन वेलमध्ये फरक ०.३ सीटीपेक्षा जास्त दिसला तर नमुना पुन्हा लावा. ट्रिप्लिकेटचा खरा उपयोग तोच.

नीरजा७
डेल्टा सीटीची सरासरी काढली. औषधाशिवाय ६.२, ६.०, ५.८. औषधानंतर ५.७, ५.५, ५.०. साधी टी-टेस्ट केली तर पी ०.०६५ येतोय! प्रकरण चारचा अर्धा भाग याच आकृतीवर उभा आहे.

मंगळवारपेठ
ग्राफवर स्टार आपोआप हवे असतील तर सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये पर्याय असतो, तो चालू करा.

सागरतळ
अजून दोन उंदीर घ्या, ०.०५ च्या खाली येईल.

दूरदेशी
पी बघून उंदीर वाढवत जायचं आणि हवा तो आकडा आला की थांबायचं, हे ९ लिहिण्याइतकंच चुकीचं. वाढवायचेच असतील तर किती ते आधी ठरवा, नैतिक समितीची मंजुरी तेवढ्या उंदरांची आहे का ते पाहा आणि नंतर वाढवले हे थिसिसमध्ये लिहा.

शेवटचीगाडी
माझ्या वेस्टर्न ब्लॉटमध्ये हाच घोळ झाला होता. एकच लायसेट तीन जेलवर चालवून मी एन = ३ लिहिलं होतं. व्हायव्हात परीक्षकांनी पहिला प्रश्न तोच विचारला आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. अगं, आत्ताच दुरुस्त कर.

दूरदेशी
नीरजा, हे मी आधीच विचारायला हवं होतं. औषध उंदरांना दिलं की डिशमध्ये?

नीरजा७
डिशमध्ये. अस्थिमज्जेतून मॅक्रोफेज वाढवले. प्रत्येक उंदराच्या पेशी एका डिशमध्ये औषधात, दुसरीत नुसत्या वेहिकलमध्ये. हे लिहायचं राहिलं, मला वाटलं उघडच आहे.

दूरदेशी
यानेच सगळं बदलतं. एकूण उंदीर तीनच, आणि प्रत्येक उंदीर स्वतःचाच कंट्रोल. तुमचे आकडे उंदरांच्या क्रमाने दिले असतील तर फरक ०.५, ०.५ आणि ०.८. मघाच्या टेस्टमध्ये उंदराउंदरांतला फरक औषधाच्या परिणामात मिसळत होता. जोडीची टेस्ट लावा:

```
u <- c(6.2, 6.0, 5.8)
d <- c(5.7, 5.5, 5.0)
t.test(u, d, paired = TRUE)
```

पी ०.०२७ येतो. पण ही टेस्ट प्रयोगाची मांडणी जोडीची होती म्हणून लावायची. पी ०.२ आला असता तरी हीच लावावी लागली असती.

सागरतळ
मग मिक्स्ड मॉडेल लावून सगळी १८ रीडिंग वापरता येतील ना?

दूरदेशी
वापरता येतील, पण प्रत्येक उंदराच्या प्रत्येक डिशचे तीनच वेल आहेत. मॉडेलमध्ये उंदीर आणि डिश दोन्ही नीट मांडले तर उत्तर हेच येईल. एन वाढणार नाही.

नीरजा७
क्रम तोच आहे. आकृतीखाली काय लिहू?

दूरदेशी
"एन = ३ उंदीर. प्रत्येक ठिपका एका उंदराच्या तीन क्यूपीसीआर वेलची सरासरी, एकाच उंदराचे ठिपके रेषेने जोडलेले. डेल्टा सीटीवर जोडीची टी-टेस्ट." तीनच उंदीर असल्याने एरर बारऐवजी ठिपकेच दाखवा. प्रत्येक उंदरामागे प्रत्येक स्थितीची एकच डिश होती, हेही पद्धतींच्या प्रकरणात लिहा.

शेवटचीगाडी
तीन जोड्यांवर परीक्षक समाधानी होतील असं मला वाटत नाही. एक जरी उंदीर उलटा गेला असता तरी निकाल कोसळला असता.

दूरदेशी
मान्य. तो दावा थिसिसमध्ये सौम्यच करायला हवा.

नीरजा७
आकृती बदलतेय. पण याच लॅबचा मागचा पेपर एन = ९ लिहून छापलाय आणि गाईड म्हणतात थिसिस त्याच्याशी जुळला पाहिजे. त्यातला एक पॅनेल माझ्याच डेटाचा आहे. त्याचं काय करू?

शेवटचीगाडी
आधी त्या पॅनेलचा कच्चा डेटा काढ आणि उंदीर मोज.