अनुभव धागा: ‘हात वर केले’ असं इंग्रजीत कळवलं आणि...

चाकणकर
गाड्यांच्या सुट्या भागांच्या खरेदीत आहे, रोजचं काम जर्मनीतल्या टीमबरोबर. गेल्या वर्षी एका ब्रॅकेटचे ४,००० नग महिनाअखेर हवे होते. पुरवठादाराची डाय तडकली आणि शुक्रवारी त्याने हात वर केले. मी घाईत मेल टाकली, ‘सप्लायर हॅज रेज्ड हिज हँड्स फॉर द फोर थाउजंड पीसेस.’ उत्तर आलं, ‘ग्रेट, प्लीज थँक देम.’ मला वाटलं माणूस वैतागून टोमणा मारतोय, म्हणून गप्प बसलो. त्याने मात्र ‘पुरवठादार स्वतःहून पुढे आला’ असा अर्थ घेतला आणि दुसऱ्या कारखान्यात राखून ठेवलेली ऑर्डर सोडून दिली. मंगळवारच्या कॉलवर पहिला लॉट कधी निघतोय असं त्याने विचारलं, तेव्हा उलगडा झाला. तोवर त्या कारखान्याची मशीन दुसऱ्या कामाला लागली होती. माल शेवटी उशिराने आणि विमानाने गेला.

तुमच्याकडे असं काही घडलंय का? नुसते हसू येणारे किस्से नकोत. समोरच्याने उलटा अर्थ घेतला आणि तसं काम करून बसला, असे सांगा.

सोलापुरी चादर
हात वर करणं म्हणजे शरणागतीच ना? पोलीस ‘हँड्स अप’ म्हणतातच की. चूक तुमच्या जर्मन साहेबाची.

नाशिकची भाषांतरकार
त्याची चूक नाही हो. इंग्रजीत हतबल माणूस हात वर ‘थ्रो’ करतो. ‘रेज’ म्हटलं की वर्गातला ‘बाई, मी सांगतो’वाला हात डोळ्यांपुढे येतो, आणि झूमवर Raise Hand तर आपण रोजच दाबतो. शरणागतीही अर्धीच खरी, कारण मराठीत हात वर करणाऱ्याने बहुतेक वेळा जबाबदारीही झटकलेली असते.

माझ्याकडे तपासायला आलेली एक मेल सांगते. एका टीम लीडने लंडनला लिहिलं होतं की मी हात धुऊन व्हेंडरच्या मागे लागलोय. शब्द होते ‘आय हॅव वॉश्ड माय हँड्स’. इंग्रजीत हात धुणं म्हणजे अंग काढून घेणं. बायबलमधल्या पिलाताने लोकांसमोर पाण्याने हात धुतले, तिथून ते आलंय. लंडनच्या बाईंनी पाठपुरावा दुसऱ्याकडे सोपवला आणि हा बिचारा रोज सकाळ-संध्याकाळ व्हेंडरला फोन करत होता! ‘घोंगडं भिजत पडलंय’ शब्दशः पाठवलं तर वाचणारा अडतो आणि विचारतो. हात, पाठ, डोकं असं ओळखीचं काही आलं की तो अडतच नाही, धोका तिथे आहे.

कोथरूडची मीरा
माझा घोळ ‘परवा’ने झाला. फिलिपिन्सच्या मैत्रिणीला कौतुकाने हा शब्द शिकवला, पण तो मागेही जातो आणि पुढेही हे सांगायचं राहिलं. झालेल्या मीटिंगची ती दोन दिवस वाट पाहत होती.

चाकणकर
मीराताई, हा वाक्प्रचार नव्हे, पण राहू द्या. घोळ खराच आहे.

तोक्योतला सातारकर
तुमची मेल इथे आली असती तर बहुधा निभावली असती. जपानीत ‘ओतेआगे’ म्हणतात, म्हणजे हात वर, आणि अर्थ ‘आता काही उपाय नाही’. फक्त त्यात अंग झटकल्याचा वास नाही, निव्वळ हतबलता आहे. माझ्या बॉसने तुमच्या पुरवठादाराला दोष दिला नसता, डायची चौकशी केली असती.

एचआरवाली
माझी चूक अजून बोचते. आयर्लंडमधल्या एका सहकारिणीची नोकरी जाण्याच्या बेतात होती. ‘आम्ही सगळे तुझ्या पाठीशी आहोत’ हे मनापासून कळवायचं होतं आणि मी लिहिलं, ‘वी आर ऑल बिहाइंड युअर बॅक.’ नुसतं ‘बिहाइंड यू’ लिहिलं असतं तर आधार झाला असता. एका ‘बॅक’ने त्याचं ‘तुझ्या पाठीमागे आमचं काहीतरी चाललंय’ झालं, आणि तेही अशा दिवसांत. तिने ‘ओके’ एवढंच पाठवलं. नेहमी लांबलचक लिहिणारी बाई एका शब्दावर आली, तेव्हाच मी फोन करायला हवा होता. पंधरवड्याने कळलं तोवर ती सोडून गेली होती. मी माफीची मेल केली, उत्तर आलं नाही.

चाकणकर
वाईट वाटलं वाचून. मलाही त्या ‘ग्रेट’वर फोन करायला हवा होता. भाषांतरकार ताई, मग ‘हात वर केले’ला इंग्रजीत लिहू काय?

नाशिकची भाषांतरकार
‘बॅक्ड आउट’ लिहा. दिलेला शब्द मोडला हे त्यात येतं.

तोक्योतला सातारकर
पण त्याची डाय तडकली होती ना? ‘बॅक्ड आउट’ने तो उगाच बदनाम होईल. ‘कॅनॉट डिलिव्हर, डाय क्रॅक्ड’ पुरे.

चाकणकर
डाय तडकली हे खरं. पण दुसरी डाय त्याच्याकडे होती, ती त्याने आमच्यासाठी लावली नाही. ते ‘कॅनॉट’मध्ये कुठे येतं?