मदत हवी आहे: ग्रो बॅगमध्ये पाणी तुंबतं, काय बदलू?

बाल्कनीवाली_मनीषनगर: नागपुरात तिसऱ्या मजल्यावर पश्चिमेची बाल्कनी आहे. बारा बाय बाराच्या सहा हिरव्या ग्रो बॅगांत टमाटर, वांगी लावली. गावाकडची काळी माती आणि शेणखत अर्धं-अर्धं. पाणी घातलं की वर तळं साचतं. खालची पानं पिवळी पडली आणि माती ओली असूनही रोपं दुपारी माना टाकतात. आता कोकोपीट घ्यावं की मातीच्या कुंड्या? खात्रीचा माल कुठे मिळेल?

विदर्भाचा_माळी: तळाला दोन इंच खडी टाका ताई. निचरा होऊन जाते. सोपं काम.

कुंडीतलं_शेत: भाऊ, खडीनं उलट होतं. बारीक मातीतलं पाणी ती पूर्ण भिजल्याशिवाय खडीत उतरत नाही. म्हणजे चिखलाचा थर दोन इंच वर सरकतो, मुळांच्या आणखी जवळ.

ताई, दोष बॅगेचा नाही, काळ्या मातीचा आहे. शेतात ती सोनं, पण बॅगेत ओली झाली की फुगते आणि हवेची जागा बुजवते. ओल्या मातीतही रोप सुकतं ते मुळं गुदमरल्यामुळे. एक रोप उपसून पाहा: मुळं तपकिरी, लिबलिबीत आणि वास मारणारी असली तर नक्की तेच.

वीस लिटरच्या एका बॅगेला आठ लिटर धुतलेलं कोकोपीट, सहा लिटर गांडूळ खत आणि सहा लिटर धानाचं जळकं तूस किंवा विटांचा जाड चुरा घ्या. बारीक वाळू नको, ती चिकणमातीत बसून आणखी घट्ट होते. भरल्यावर एक लिटर पाणी ओता. मिनिटाभरात वरचं पाणी आत गेलं नाही तर जाड चुरा वाढवा.

सदाफुली: माझ्या मनी प्लांटची पानंही पिवळी! कुंडीला भोकच नाही, चालेल का?

कुंडीतलं_शेत: नाही. आधी भोक पाडा.

बाल्कनीवाली_मनीषनगर: कोकोपीट एकदा घेतलं होतं, रोपांची पानं कडेनं करपली. दुकानदार म्हणाला, "धुवायची गरज नाही."

कुंडीतलं_शेत: क्षार राहिले असतील. पाच किलोची वीट मोठ्या टबात भिजवा, पिळा, पाणी फेका, असं दोन-तीनदा करा. विक्रेता पारखायचा तर एकच वीट आणा आणि थोड्या कोकोपीटमध्ये मेथी पेरा. चार-पाच दिवसांत नीट उगवली तरच बाकीचा माल घ्या. महाराजबागेत कृषी महाविद्यालय आहे, तिथे आधी चौकशी करा. तूस भंडारा-गोंदियाकडच्या राइस मिलमधून येणाऱ्यांना सांगा.

विदर्भाचा_माळी: खडीचं पटलं. पण मे महिन्यात मातीचीच कुंडी बरी, प्लॅस्टिकात मुळं उकडतात.

कुंडीतलं_शेत: उकडतात खरं. पण मातीची कुंडी आपल्या ४५ अंशांत दिवसातून दोनदा पाणी मागते. मी पांढऱ्या बॅगा वापरतो, तरी पश्चिमेला हिरवी जाळी लागतेच.

बाल्कनीवाली_मनीषनगर: एक वांगं उपसलं. वास येतोय. उरलेली पाच याच आठवड्यात बदलू की पाऊस थांबू देऊ?