ट्राय-ऑन चित्रातला फॉल कापडाचा की मॉडेलचा?

पिक्सेलघर: न शिवलेला कपडा ग्राहकाच्या फोटोवर घालून दाखवायला, म्हणजे ट्राय-ऑनला, छोट्या शिवणव्यवसायाला थ्रीडीची गरज नाही. ग्राहकाचा उभा फोटो घ्या, थानाचा फोटो घ्या, IDM-VTON किंवा CatVTON या एआय मॉडेलला द्या. चुण्या, सावल्या, फॉल म्हणजे कापडाचं पडणं, सगळं मॉडेल करतं. कापड मोजत बसणारे विनाकारण काम अवघड करतात.

उभाधागा: ही मॉडेलं तयार कपड्याचा फोटो दुसऱ्याच्या अंगावर चढवायला शिकलेली आहेत. VITON-HD या त्यांच्या शिकवणीच्या डेटात सपाट मांडलेला टॉप आणि तोच टॉप घातलेली बाई, अशा जोड्या आहेत. त्यात थान कुठेच नाही. शिवणाऱ्याकडे तर कपडा अजून झालेलाच नसतो. थानाचा फोटो दिलात तर मॉडेल त्या रंगाचा कुठला तरी सरासरी कपडा काढतं, आणि चुण्या त्याने आधी पाहिलेल्या फोटोंतून येतात.

खात्री करायची असेल तर एकाच रंगाचं पॉपलिन आणि जॉर्जेट घ्या, सीड, म्हणजे मॉडेल ज्या आकड्यावरून चित्र सुरू करतं तो, तोच ठेवा. दोन्ही स्कर्ट सारखेच पडलेले दिसले, तर तो फॉल तुमच्या कापडाचा नाही.

मोजणं अवघडही नाही. १० × १० सेंमी तुकड्याचं ग्रॅममधलं वजन गुणिले १०० म्हणजे जीएसएम. मग २.५ सेंमी रुंद, २० सेंमी लांब पट्टी उभ्या धाग्यात कापा, दुसरी आडव्यात. टेबलाच्या कडेला ४१.५ अंशाचा उतार लावा. पुठ्ठ्यावर २० सेंमी आडवं आणि १७.७ सेंमी खाली आखलं की तो कोन मिळतो. पट्टी हळूहळू पुढे सरकवा. टोक उताराला टेकलं की बाहेर आलेली लांबी मोजून निम्मी करा. तिचा घन गुणिले जीएसएम गुणिले ०.१, हा कापडाचा ताठपणा. १२० जीएसएमचं पॉपलिन ४ सेंमी बाहेर आलं तर ९६, आणि ६० जीएसएमचं जॉर्जेट ३ सेंमी आलं तर सुमारे २०. म्हणजे जवळपास पाचपट फरक. तो चित्रात दिसलाच पाहिजे, आणि त्यासाठी थ्रीडी सिम्युलेशन लागतं.

रेंडरकट्टा: थ्रीडीबद्दल सहमत, पण पट्ट्या कापायची गरज नाही. Blender या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये Silk, Cotton, Denim असे तयार प्रीसेट आहेत. जवळचा निवडा, स्कर्ट सिम्युलेट करा, पारदर्शक पार्श्वभूमीवर रेंडर करून फोटोवर बसवा.

उभाधागा: प्रीसेट सुरुवातीला ठीक आहे. पण Vertex Mass म्हणजे कापडाच्या जाळीतल्या दर बिंदूचं वजन. जाळी बारीक केलीत की बिंदू वाढतात, कापडाचं एकूण वजनही वाढतं आणि तेच Silk वेगळं पडतं. आधी एकूण वजन काढा, मग बिंदूंच्या संख्येने भागा. उलट जाळी जाडी ठेवली तर बारीक चुणी तयारच होत नाही, कारण घडी पडायला तिथे बिंदूच नसतात.

फीत_कात्री: मुळात फोटोवरून माप घेणंच चूक आहे. माझ्याकडे ग्राहक सैल कपड्यांत, फोन वर धरून काढलेले फोटो पाठवतात. त्यात कंबर कुठे तेच कळत नाही. शिलाई बिघडली की बोल आपल्यालाच.

उभाधागा: ताई, माप फीतेनेच घ्यायचं, त्यावर वादच नाही. पण सैल कपड्याचा मुद्दा इथेही लागू आहे. मॉडेल जुना कपडा झाकून टाकतं आणि त्याखालचं अंग अंदाजाने भरतं. सैल कपड्याखाली ते बहुतेकदा बारीक अंग काढतं. मूळ फोटो आणि निकाल एकावर एक ठेवून खांदा आणि मनगट जुळतं का बघा. ते जुळूनही कंबर आत गेली असेल तर ते चित्र बाद. फोटो अंगासरशा कपड्यांत हवा, हात अंगापासून थोडे सुटे, कॅमेरा कंबरेच्या उंचीवर आणि अडीच-तीन मीटर लांब.

उरेब: इतकी चर्चा झाली, पण उरेबाचं, म्हणजे धाग्यांना तिरक्या दिशेचं, नावही कोणी घेतलं नाही. अर्धवर्तुळाचा स्कर्ट घ्या. कंबर ७२, लांबी ६५. ७२ भागिले ३.१४ म्हणजे आतली त्रिज्या २२.९, बाहेरची ८७.९, खालचा घेर २७६ सेंमी. ११२ च्या पन्ह्यात ते १७६ सेंमी लांबीत अखंडही निघतं, पण आपण दोन पाव वर्तुळं कापू. शिवणी बाजूंना ठेवल्या तर पुढचा आणि मागचा मध्य बरोबर उरेबावर येतो, आणि चुण्या तिथेच खोल पडतात. शिवणी पुढे-मागे घेतल्या तर तेच बाजूंना होतं. कापड तेच, ग्राहक तीच, तरी दोन स्कर्ट वेगळे दिसतात. हे कुठलं मॉडेल दाखवतं?

पिक्सेलघर: ग्राहकाला शिवण कुठे आहे याने फरक पडत नाही. आपल्याला चित्र दाखवायचं आहे, परीक्षेचा पेपर सोडवायचा नाही.

उरेब: फरक पडतो, आणि तो शिवणाऱ्याच्या गळ्याशी येतो! सैल विणीचं जॉर्जेट उरेबावर दोन-तीन सेंमी सहज उतरतं. म्हणून स्कर्ट रात्रभर टांगून मगच खालची दुमड घालतात. चित्रात घेर सरळ दाखवून ऑर्डर घेता, आणि घाई करून दिलेला स्कर्ट आठवड्यात पुढून लोंबतो. तेव्हा चित्र काढणारा तिथे नसतो.

रेंडरकट्टा: यात माझ्या प्रीसेटचाही दोष आहे, हे मान्य करावं लागेल. Blender मध्ये उभ्या आणि आडव्या धाग्याचा ताण वेगळा देताच येत नाही. CLO या कपड्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये येतो. तरी एक वाट आहे. जाळीचे चौकोन धाग्याच्या दिशेने आखायचे आणि Shear, म्हणजे तिरकं सरकायला होणारा विरोध, हा Tension पेक्षा, म्हणजे ताणायला होणाऱ्या विरोधापेक्षा, बराच कमी ठेवायचा. मग चौकोन तिरके होऊन उरेबावर कापड सुटतं. चौकोन पाव वर्तुळाच्या कडेप्रमाणे वळवले तर मात्र हा परिणाम जातो.

उरेब: हे पटलं. पण Shear किती कमी, ते कशावरून ठरवणार? डोळ्यांनी?

पिक्सेलघर: बरं, उरेबाचं राहू द्या. नमुन्याचा तयार टॉप असेल, रंग सपाट असेल, तर माझी पद्धत चालते. एवढं तरी माना.

उभाधागा: तेवढं मानतो. पण चौकडीला नाही. १७० सेंमीची व्यक्ती १०२४ पिक्सेलमध्ये म्हणजे सेंटीमीटरला सहा पिक्सेल. ही मॉडेलं चित्र आठपट लहान करून काम करतात, त्यामुळे तिथला एक ठिपका कापडावर सुमारे १.३ सेंमी होतो. ५ मिमीची चौकडी त्यात विरघळते. जवळून पाहिलंत तर रेघा वाकतात, मध्येच दोनच्या तीन होतात. छाप रेंडरमध्येच बसवा. मॉडेल फक्त कडा आणि सावली मिसळायला, तेही चित्र बदलायची ताकद ०.३ च्या आसपास ठेवून. ०.५ च्या पुढे ते चुण्या नव्याने काढतं आणि सिम्युलेशन वाया जातं.

फीत_कात्री: उरेबाच्या पट्टीला वजन लावून बघता येईल ना? टांगायची, किती लांबते ते मोजायचं.

उभाधागा: येईल. वरच्या उदाहरणात एका पाव वर्तुळाचं क्षेत्रफळ सुमारे ५,६५० चौरस सेंमी आहे. ६० जीएसएमला ते ३४ ग्रॅम भरतं, आणि ३६ सेंमी कंबरेवर लटकतं. म्हणजे ५ सेंमी रुंद पट्टीवर साधारण ५ ग्रॅम भार हवा. ६५ सेंमी लांब पट्टीचं स्वतःचं वजन २ ग्रॅम, म्हणून खाली ३ ग्रॅमची चिमटी लावा. दुसऱ्या दिवशी वाढ मोजा आणि सिम्युलेशनमधली पट्टी तितकीच लांबेपर्यंत Shear उतरवत न्या.

रेंडरकट्टा: अरुंद पट्टीच्या कडा मोकळ्या असतात, ती आकसून जास्त लांबेल. पूर्ण पॅनेलमध्ये शेजारचं कापड धरून ठेवतं.

उरेब: म्हणूनच म्हणते, पट्टी नको. पाव वर्तुळ कापा, कंबरेला टांगा, तेच मोजा.

पिक्सेलघर: ऑर्डर यायच्या आधीच कापड कापायचं?